टोपी विसरणारा पाहुणा

क्लॉइस्टरहॅम नावाच्या जुनाट गावातल्या हॉटेलात एक पाहुणा उतरतो. अंगात घट्ट बटणे लावलेला निळा कोट, चालण्याबोलण्यात निवृत्त फौजी माणसाचा थाट. डोक्यावर पांढऱ्या केसांचे दाट जंगल, भुवया मात्र काळ्याभोर. जेवण मागवताना तो वेटरला खुंटीवरची आपली टोपी खाली काढून आत काय लिहिले आहे ते वाचायला सांगतो. आत लिहिलेले असते ‘डॅचरी’. ओळख सांगण्याची ही तऱ्हा जरा विचित्रच. पुढे हा गृहस्थ टोपी घालायचीच विसरतो, उन्हात बोडकाच हिंडतो आणि मध्येच टोपी चाचपायला डोक्याकडे हात नेतो. जणू डोक्यावर आधीच काहीतरी असल्यामुळे दुसरे काही आहे की नाही हे त्याला कळत नसावे.

चार्ल्स डिकन्सच्या ‘द मिस्ट्री ऑफ एडविन ड्रूड’ या कादंबरीच्या अठराव्या प्रकरणातला हा प्रसंग. 1870 च्या एप्रिलपासून ही कादंबरी दरमहा एक अशा बारा भागांत निघायची होती. 9 जून 1870 रोजी डिकन्स वारला तेव्हा सहा भागांपुरताच मजकूर तयार होता. डॅचरी कोण, हे त्यामुळे कायमचे गुलदस्त्यात राहिले. तेव्हापासून वाचक त्याच्या टोपाखाली वेगवेगळे चेहरे बसवून पाहत आले आहेत. ‘फॅन थिअरी’ हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची ही फॅन थिअरी. मालिकेतला किंवा कादंबरीतला अमुक म्हणजेच तमुक असा तर्क आज रोज कोणीतरी मांडते, आणि तो पटला की नाही यावर हिरिरीने भांडणे होतात. पटणे आणि टिकणे यात फरक आहे. तर्क टिकतो का हे संहितेवर घासून कसे पाहायचे, हे शिकायला डॅचरीइतके चांगले प्रकरण आम्हांला दुसरे दिसत नाही. इथे पुढचा भाग येऊन निकाल लावेल अशी सोय नाही. आहे त्या पानांवरच काय ते ठरवावे लागते.

कथानक थोडक्यात असे. एडविन ड्रूड हा तरुण नाताळच्या आदल्या रात्री नाहीसा होतो. त्याचा मामा जॉन जॅस्पर हा चर्चमधला गायक, चोरून अफू ओढणारा. एडविनची वाग्दत्त वधू रोझा हिच्यावर त्याची वाईट नजर आहे. वाचकाचा संशय त्याच्यावर, गावाचा मात्र नेव्हिल लँडलेस या तापट मुलावर. नेव्हिल आणि त्याची जुळी बहीण हेलेना सिलोनहून आलेली. रोझाचे पालक ग्रूजियस हे लंडनचे वकील, आणि बॅझर्ड हा त्यांचा तुसडा कारकून. एडविन नाहीसा झाल्यावर सहा महिन्यांनी डॅचरी गावात येतो, जॅस्परच्या दारासमोरून जाणारायेणारा दिसेल अशी खोली भाड्याने घेतो आणि त्याच्यावर पाळत ठेवतो.

पहिले काम दाव्याची फोड करण्याचे. ‘डॅचरी म्हणजे हेलेना’ या एका वाक्यात दोन दावे आहेत: डॅचरीने सोंग घेतले आहे, आणि त्या सोंगाखाली हेलेना आहे. पहिल्याला पुरावा भक्कम आहे. केस आणि भुवयांचा बेबनाव, टोपीचा विसर, टोपीत लिहून आणलेले नाव, आणि रात्री आरशात पाहून पांढरे केस झटकणे, हे सगळे एकाच दिशेला बोट दाखवते. डिकन्सचा मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर यानेही डॅचरीचा उल्लेख करताना सोंग घेणे याच अर्थाचा शब्द वापरला आहे. पण हा पुरावा दुसऱ्या दाव्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. टोप कोणाच्याही डोक्यावर बसतो. बहुतेक फॅन थिअऱ्या नेमकी हीच हातचलाखी करतात. पात्र काहीतरी लपवते आहे याचे दहा पुरावे द्यायचे, आणि अकराव्या वाक्यात ‘म्हणजे तो अमुकच’ असे म्हणून मोकळे व्हायचे. दहाही पुरावे खरे असतात, म्हणून अकरावे वाक्यही खरे वाटू लागते.

आता उमेदवार पाहू. रिचर्ड प्रॉक्टर याने 1887 च्या ‘वॉच्ड बाय द डेड’ या पुस्तकात मांडले की एडविन मेलेलाच नाही आणि डॅचरी म्हणजे तोच. कल्पना झकास आहे. खून पडलेला माणूसच खुन्यावर पाळत ठेवतो, याहून नाट्यमय ते काय? पण चौदाव्या प्रकरणात अफूवाली म्हातारी एडविनला समोरासमोर भेटते आणि त्याचे नाव विचारून घेते. तेविसाव्यात तीच म्हातारी डॅचरीशी बोलत उभी राहते, त्याच एडविनबद्दल त्याला सांगते, आणि तिला कसलीही ओळख पटत नाही. त्याहून जड गोष्ट म्हणजे अठराव्या प्रकरणात डॅचरी खुद्द जॅस्परच्या खोलीत बसून त्याच्याशी गप्पा मारतो. ज्याची नजर एडविनवर सतत खिळलेली असे, तो मामा एका टोपाला फसेल? असे मानता येते, पण त्यासाठी तर्काला ठिगळ लावावे लागते. म्हातारीसाठी दुसरे, आणि एडविन जिवंत राहिला कसा यासाठी तिसरे. ठिगळे मोजायला लागावे इतकी झाली की वस्त्र मूळचे कोणते हेच ओळखू येत नाही.

हेलेनाचा पक्ष याहून बळकट. तो 1905 मध्ये जे. कमिंग वॉल्टर्स याने मांडला आणि पुष्कळांना पटला. त्याचा कणा सातव्या प्रकरणात आहे. लहानपणी सावत्र बापाच्या छळाला कंटाळून ही जुळी भावंडे चारदा घरातून पळाली. नेव्हिल सांगतो की दर वेळी बेत हेलेनाचा असे, दर वेळी ती मुलाचा वेष करी, आणि एकदा चाकू हरवला तेव्हा तिने आपले केस तोडून काढायचा प्रयत्न केला. याच प्रकरणात ती म्हणते की जॅस्परची आपल्याला कुठल्याही परिस्थितीत भीती वाटणार नाही. वेषांतराची सवय, केसांचा उल्लेख, जॅस्परला न भिणे, भावावरचा कलंक पुसण्याचे कारण, सगळे जागच्या जागी.

इथे थांबून प्रत्येक खुणेला एक प्रश्न विचारावा: हा तर्क खोटा असता, तर लेखकाने हा तपशील लिहिला असता का? टोपीच्या खुणेला तो विचारून पाहा. डॅचरी खरोखरच साधा पेन्शनर असता, तर त्याचे टोपी विसरणे डिकन्सने पुन्हापुन्हा सांगितले असते? अवघड आहे. म्हणून ती खूण वजनदार. आता मुलाच्या वेषाला विचारा. सातव्या प्रकरणात नेव्हिल आपल्या पाळकाला बहिणीची ओळख करून देतो आहे. ती किती धीट, किती हट्टी, आपल्यापेक्षा किती खंबीर, हे त्याला सांगायचे आहे. त्या गोष्टीचे काम तिथल्या तिथे पुरे होते. हेलेना पुढे कधीच सोंग घेणार नसती तरी ती तिथे शोभली असती. तिचे वजन शून्य नाही, पण वाटते त्याच्या निम्मेही नाही. काळ्या भुवयांचे तर आणखीच कमी. हेलेना सावळी आणि काळ्या केसांची, नेव्हिलही तसाच, बॅझर्डचेही केस काळे. जी खूण सगळ्यांना लागू पडते ती कोणाचीच बाजू घेत नाही. ‘हेलेनाच्या भुवया काळ्या, डॅचरीच्याही काळ्या’ असे म्हणणे हा बादरायण संबंधच.

एवढे झाल्यावर खुंटी हलवून पाहायची. तर्काला सगळ्यात अडचणीचे वाक्य कोणते, ते समर्थकानेच शोधायचे. हेलेनाच्या बाबतीत ते अठराव्या प्रकरणातच बसले आहे. वेटरने पत्ता सांगितल्यावर डॅचरी खोली शोधायला निघतो आणि वाट चुकतो. चर्चचा मनोरा दिसला की आपण जवळ आलो असे त्याला वाटते, दिसेनासा झाला की पुन्हा भरकटतो. शेवटी डेप्युटी नावाचे एक उनाड पोर त्याला वाट दाखवते. हेलेना या गावात कित्येक महिने राहिलेली. चर्चच्या आवारातला जॅस्परचा दरवाजा तिला ठाऊक नसणे अशक्य.

‘ती नाटक करत होती’ असे उत्तर लगेच येते. इथे संहिता बारकाईने वाचावी लागते. पात्र दुसऱ्याला जे सांगते ते खोटे असू शकते. पात्र कोणाच्या समोर जे करते तेही खोटे असू शकते. पण डेप्युटी भेटायच्या आधी डॅचरी एकटाच भटकतो आहे, आणि खोली याच मनोऱ्याच्या आसपास आहे अशी अंधूक समजूत त्याच्या मनात होती, असे निवेदक स्वतः सांगतो. हे त्याच्या मनातले आहे, तोंडचे नाही. निवेदकाला इथे खोटे ठरवायचे तर ती फार मोठी किंमत आहे. निवेदक एका जागी थेट खोटे बोलतो असे एकदा धरले, तर ज्या वाक्यांवर हेलेनाचा पक्ष उभा आहे त्यांच्यावर तरी का विश्वास ठेवायचा?

निवेदक काही लपवू शकतो, हे मात्र खरे. तेच प्रकरण संपताना डॅचरी आरशासमोर एकटा आहे आणि स्वतःशीच बोलतो. तरीही बोलतो ते त्या निवांत, एकट्या म्हाताऱ्याच्याच भाषेत. एकांतातही सोंग उतरत नाही. म्हणजे डिकन्स वाचकापासून चेहरा झाकतो आहे. पण झाकणे वेगळे आणि मनातली चुकीची समजूत लिहिणे वेगळे. रहस्यकथेत पहिल्याला परवानगी असते. दुसऱ्याला लेखक क्वचितच हात घालतो, कारण उलगडा झाल्यावर वाचक मागे जाऊन तेच पान उघडतो आणि फसवल्याची तक्रार करतो. ही रेघ कुठे ओढायची याबद्दल वाद होऊ शकतो. आमच्या मते वाट चुकण्याचे वाक्य रेघेच्या पलीकडे पडते.

तारखांची पडताळणी मात्र इथे फारशी उपयोगाची नाही. लपलेल्या ओळखीचा विषय निघाला की लोक आधी ‘दोघे एकाच प्रसंगात दिसतात का’ हे पाहतात, आणि ते योग्यच. दिसले तर विषय तिथेच संपतो. पण डॅचरी फक्त अठराव्या आणि तेविसाव्या प्रकरणात आहे. हेलेना मधल्या प्रकरणांत लंडनमध्ये रोझाशी बोलते. क्लॉइस्टरहॅम हे रॉचेस्टरवरून बेतलेले, म्हणजे लंडनपासून सुमारे 30 मैलांवर. जाऊन येण्याजोगे अंतर. त्यातून अठरावे प्रकरण ‘साधारण याच सुमारास’ अशा सैल शब्दांनी सुरू होते. ही कसोटी हेलेनाला पाडत नाही आणि तारतही नाही, आणि तसेच नोंदवून पुढे जावे. भेंडीच्या भाजीत वांगे शोधण्यात अर्थ नाही.

उरतो बॅझर्ड. विसाव्या प्रकरणात रोझा पळून ग्रूजियसकडे येते तेव्हा ते सहज म्हणून जातात की बॅझर्ड सध्या इथल्या कामावर नाही, बदली माणूस घेतला आहे. कुठे गेला, हे सांगत नाहीत. अकराव्या प्रकरणात ग्रूजियस एडविनच्या हाती रोझाच्या आईची अंगठी देतात तेव्हा साक्षीला हाच बॅझर्ड असतो. जॅस्परला त्या अंगठीचा पत्ता नाही. फॉर्स्टरच्या म्हणण्याप्रमाणे खुनाचा उलगडा त्या अंगठीवरूनच व्हायचा होता. बॅझर्ड क्लॉइस्टरहॅममध्ये कधी आल्याचे पानावर नाही, तेव्हा त्याने वाट चुकणे स्वाभाविक. गंमत म्हणजे याने एक शोकांतिकाही लिहिली आहे. रंगभूमीची हौस असलेला माणूस सोंग घ्यायला तयार होणे पटते.

पण आता टोपाकडे पुन्हा पाहा. टोप कशासाठी? ज्याला गावात कोणी ओळखत नाही त्याला चेहरा लपवायचे कारण काय? टोप सांगतो की हा चेहरा ओळखीचा आहे, वाट चुकणे सांगते की हा माणूस गावाला परका आहे. दोन भक्कम खुणा एकमेकींविरुद्ध ओढतात, आणि या प्रकरणाची खरी गाठ इथे आहे. हेलेनावाले पहिली धरून दुसरी सोडतात, बॅझर्डवाले उलटे करतात. दोन्ही खुणा सांभाळणारा माणूस हवा: जॅस्परला चेहऱ्याने माहीत असू शकेल असा, पण गावात नवखा. सतराव्या प्रकरणात ग्रूजियस आपल्या खिडकीतून जॅस्परला पाहतात. तो लंडनच्या स्टेपल इन भागात नेव्हिलच्या मागावर घुटमळत असतो. ग्रूजियसचे कार्यालय तिथेच, आणि बॅझर्ड तिथेच जाणारायेणारा. जॅस्परने त्याला पाहिले असण्याचा धोका वकिलाच्या ध्यानात आला असेल, तर टोपाचे कारण मिळते. हेही ठिगळच, कारण जॅस्परने बॅझर्डला पाहिल्याचा प्रसंग कुठे लिहिलेला नाही. पण ते एक ठिगळ आहे, आणि संहितेतल्याच धाग्याचे आहे.

दुसरी अडचण स्वभावाची. बॅझर्ड फिकट, फुगलेल्या चेहऱ्याचा, कुरकुरणारा. डॅचरी मिश्कील, गोडबोल्या, महापौर सॅप्सीची खुशामत करून त्याची टर उडवणारा. तेविसाव्या प्रकरणात म्हातारीच्या तोंडून एडविनचे नाव येताच त्याच्या हातून नाणी पडतात आणि तो लाल होतो. म्हणजे त्याचे मन त्या नावात गुंतलेले आहे. बॅझर्डच्या मनाचा असा कोपरा आपल्याला कधी दाखवलेला नाही. ‘सोंगात माणूस बदलतो’ हे उत्तर देता येते. पण असल्या उत्तराने कोणाचेही काहीही सिद्ध होते, म्हणून आम्ही ते जमेस धरत नाही. शिवाय ‘कामावर नाही’ ही खूण इतकी ठळक आहे की वाचकाला चकवायलाच ठेवली असावी अशी शंका येते. डिकन्स काही नवशिका नव्हता.

खरा निघालेला तर्क कसा दिसतो ते ताडून पाहायचे तर हॅरी पॉटरचे उदाहरण घ्यावे. 2005 मध्ये सहाव्या पुस्तकाच्या शेवटी खोट्या लॉकेटमधल्या चिठ्ठीवर तीन आद्याक्षरे आली आणि वाचकांनी ती रेग्युलस ब्लॅकची ठरवली. त्यांचा आधार 2003 च्या पाचव्या पुस्तकात होता. ब्लॅक घराण्याच्या घराची साफसफाई करताना कोणालाच न उघडणारे एक जड लॉकेट सापडते, असे तिथे एका ओळीत सांगितले आहे, आणि घरातला धाकटा मुलगा व्होल्डेमॉर्टची साथ सोडताना मारला गेल्याचेही. त्या लॉकेटला पाचव्या पुस्तकात दुसरे काही काम नव्हते. ती ओळ तिथे रिकामी उभी होती आणि तर्काने तिला काम दिले. 2007 मध्ये सातव्या पुस्तकाने तो तर्क खरा ठरवला. एकही ठिगळ लागले नव्हते, फक्त मधल्या अक्षराचे नाव तेवढे माहीत नव्हते. डॅचरीच्या कोणत्याही उमेदवाराला असे लॉकेट मिळालेले नाही. सगळ्यात जवळ येते ती ग्रूजियसची ‘कामावर नाही’ ही ओळ, आणि तीही थोडी जास्तच चमकते.

संहितेबाहेरच्या साक्षी वेगळ्या वहीत लिहाव्यात. मामा भाच्याचा खून करतो, हा बेत डिकन्सनेच आपल्याला सांगितल्याचे फॉर्स्टर लिहितो. चित्रकार ल्यूक फिल्ड्स याच्याकडे डिकन्सने जॅस्परसाठी लांब गळपट्टा काढण्याचा आग्रह धरला होता, कारण गळा त्यानेच आवळायचा होता. या दोन्ही साक्षी एडविनच्या पक्षाचे पाय तोडतात. पण त्या आठवणीतून सांगितलेल्या आहेत, आणि डॅचरीचे खरे नाव दोघांपैकी कोणीही सांगितलेले नाही. आधी पानांवर काय ठरते ते ठरवायचे, मग ही वही उघडायची. उलटे केले की पानांवर तेच दिसू लागते जे वहीत आहे.

आमचा कौल असा. डॅचरीने सोंग घेतले आहे, हे जवळपास निश्चित. तो एडविन नाही. हेलेना असण्यासाठी निवेदकाला खोटे पाडावे लागते, म्हणून तीही नाही. बॅझर्ड उरलेल्यांत पुढे आहे, पण सिद्ध होण्याच्या बराच अलीकडे. डॅचरी हा आपण आधी कुठेच न भेटलेला माणूस असणे अजूनही शक्य आहे, आणि तर्क लढवणारे या शक्यतेला नेहमी विसरतात, कारण तिच्यात मजा नाही.

ज्यांना हा कौल मान्य नसेल त्यांनी अठरावे आणि तेविसावे प्रकरण काढावे, कागदाच्या एका बाजूला निवेदक डॅचरीबद्दल स्वतःहून काय सांगतो ते लिहावे आणि दुसऱ्या बाजूला डॅचरी इतरांना काय सांगतो ते. पहिली बाजू फार लहान निघेल. तिच्यातली शेवटची नोंद अशी आहे की डॅचरीने कपाटाच्या दारावर खडूने एक जाड रेघ वाढवली आणि मग तो भुकेने नाश्त्यावर तुटून पडला. हे वाक्य डिकन्सने 8 जूनला लिहिले. त्याच संध्याकाळी जेवताना त्याला झटका आला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला.